आवाज दिला की भूमिका केली?

प्रश्न: "२०१८ च्या स्पायडरमॅन गेमबद्दल लिहिताना मी 'युरी लोवेन्थालने पीटर पार्करला आवाज दिला' असं लिहिलं, तर एकाने दुरुस्त केलं की 'भूमिका केली' म्हण. कार्टूनसारखंच आहे ना ते? मग आवाज दिला म्हटलं तर काय चुकलं? आणि मोशन कॅप्चरवाला माणूस वेगळा असतो ना?"

दुरुस्त करणाऱ्याचं बरोबर आहे, पण अर्धंच. एकाच गेममध्ये काही वाक्यांना 'भूमिका केली' लागू पडतं आणि काहींना फक्त 'आवाज दिला'. कारण गेममधलं पात्र एका बैठकीत रेकॉर्ड होत नाही, निदान दोन वेगळ्या जागी होतं, आणि त्या दोन जागांचं काम एकमेकांपासून फार लांबचं आहे.

पहिली जागा म्हणजे कॅप्चर स्टेज, जिथे नटाच्या अंगाची आणि चेहऱ्याची हालचाल टिपून ती गेममधल्या पात्राला देतात. कथेतले मोठे प्रसंग, म्हणजे आपण ज्यांना कटसीन म्हणतो ते, इथे होतात. मोकळा हॉल, वर चहूबाजूंनी इन्फ्रारेड कॅमेरे, कलाकाराच्या अंगावर घट्ट सूट आणि त्यावर चकाकणारे छोटे गोळे, म्हणजे मार्कर. डोक्यावर हेल्मेट, त्याला पुढे एक दांडी आणि दांडीच्या टोकाला चेहऱ्याकडे रोखलेला कॅमेरा. आवाजही तिथेच, त्याच वेळी घेतात. सेट नसतोच, टेबल म्हणजे लोखंडी पाइपचा सांगाडा आणि दार म्हणजे नुसती चौकट, कारण भरीव वस्तू मध्ये आली की तिच्यामागचे मार्कर कॅमेऱ्यांना दिसत नाहीत. एकेका मार्करची जागा काढायला तो निदान दोन कॅमेऱ्यांना तरी दिसावा लागतो. बाकी सगळं प्रायोगिक नाटकाच्या तालमीसारखं, प्रसंग सलग करायचा, समोरचा नट खरंच समोर असतो, आणि पडद्यावर कॅमेरा कुठून बघणार हे नंतरही बदलता येतं, त्यामुळे 'आता क्लोजअप आहे, चेहऱ्यावर खेळू' असा हिशोब नटाला करता येत नाही, सगळं अंग पूर्ण वेळ खरं ठेवावं लागतं. लोवेन्थालने पीटरचे कथाप्रसंग अंगाने आणि चेहऱ्यानेही केलेत, म्हणून तिथे 'आवाज दिला' म्हटलं तर त्याचं बरंचसं काम आपण पुसून टाकतो.

टेक सुरू होण्याआधी सगळे हात आडवे पसरून उभे राहतात, त्याला टी-पोज म्हणतात, त्यावरून सॉफ्टवेअरला कळतं कुठला मार्कर कुणाचा. यातली सगळ्यात अवघड गोष्ट विचाराल तर मिठी. दोन अंगं चिकटली की मधले मार्कर झाकले जातात, सॉफ्टवेअर एकाचा मार्कर दुसऱ्याचा समजतं आणि स्क्रीनवर कोपर अचानक भलतीकडे वळतं, मग कुणीतरी बसून ते एकेक फ्रेम हाताने साफ करतं. त्यात दोघांच्या हेल्मेटच्या दांड्या एकमेकींवर आपटतात, म्हणजे नटांना मान थोडी बाजूला ठेवूनच जवळ यावं लागतं आणि ती जवळीक नंतर ॲनिमेटर दुरुस्त करतात. पुढच्या वेळी गेममध्ये दोन पात्रं गळ्यात पडली की त्यांचे हात पाठीवर नीट टेकलेत का तेवढं बघा, हात कपड्याच्या आत घुसलेला किंवा वर तरंगताना दिसला तर समजायचं की सफाई कमी पडली.

आता दुसरी जागा, साउंड बूथ. खेळताना जे बोलणं सतत चालू असतं, भांडताना मारलेले टोमणे, रस्त्यावरच्या लोकांशी दोन शब्द, फोनवरचं बोलणं, हे सगळं इथलं. नट एकटा, समोर माइक आणि स्क्रीनवर एक्सेल शीट, एका रांगेत एक वाक्य. समोर कुणी नाही, आधीचं वाक्य कुणाचं तेही बऱ्याचदा दिग्दर्शकच वाचून दाखवतो. इथे सगळ्यात महत्त्वाचं असतं ते अंतर. तेच वाक्य शेजारच्याला सांगतोय की रस्त्यापलीकडच्याला, हे आधी ठरवावं लागतं, कारण हळू बोललेलं वाक्य नंतर आवाज वाढवून ओरडलेलं होत नाही, नुसतं मोठ्ठं कुजबुजणं होतं.

स्पायडरमॅनमध्ये यावर केलेला उपाय मला फार आवडतो. पीटर फोनवर बोलत असताना खेळणारा गच्चीवर उभा असेल की जाळ्यावर झोके घेत असेल हे आधी कळणं शक्यच नाही. म्हणून लोवेन्थालकडून असे संवाद दोन-दोनदा करून घेतले, एकदा निवांत श्वासात आणि एकदा दमलेल्या, जोर लागतोय अशा आवाजात. गेम त्या क्षणी बघतो की पीटर काय करतोय आणि त्याप्रमाणे टेक निवडतो, वाक्याच्या मध्येसुद्धा एकातून दुसऱ्यात जातो. आता विचार करा, दोन्ही टेकमध्ये भाव तोच हवा, वेग जवळपास तोच हवा, फक्त छातीतली हवा वेगळी. इथे अंग त्याचं नाहीये, झोके घेणारं शरीर ॲनिमेशनमधून आलंय, त्यामुळे इथे 'आवाज दिला' हे पूर्णपणे बरोबर, आणि ते हलकं काम आहे असं अजिबात नाही. मार खाल्ल्याचे, पडल्याचे, कण्हण्याचे आवाजही बूथमध्येच होतात, आणि शक्यतो सत्राच्या शेवटी, कारण त्यानंतर घसा दुसऱ्या कामाचा राहत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, माणूस वेगळा असतो का. हो, असूही शकतो. मारामारी आणि कोलांट्या साधारणपणे स्टंट कलाकार करतात, आणि जे कुठल्याच माणसाला जमणार नाही ते ॲनिमेटर हाताने बनवतात. चेहराही तिसऱ्याचा असू शकतो! २०१८ च्या पीटरचा चेहरा लोवेन्थालचा नव्हता, जॉन बुब्नियाक नावाच्या मॉडेलवरून घेतला होता. २०२० ला याच गेमची सुधारित आवृत्ती, म्हणजे रीमास्टर आला तेव्हा तो बदलून बेन जॉर्डनचा घेतला, लोक भडकले होते, पण इन्सोम्नियाक या स्टुडिओने दिलेलं कारण हेच होतं की लोवेन्थालच्या फेशियल कॅप्चरशी नवा चेहरा जास्त जुळतो. कॅप्चर होते ती नटाच्या स्नायूंची हालचाल, ती दुसऱ्याच्या हाडांवर बसवायची, जबडा किंवा गाल वेगळे असले की हसू भलतीकडेच उमटतं.

याच्या उलट टोक बघायचं तर २०११ चा एल.ए. नॉयर हा डिटेक्टिव्ह गेम. तिथे नट खुर्चीत बसायचा, भोवती ३२ कॅमेरे, चेहरा आणि आवाज एकत्र टिपला जायचा, पण अंग वेगळ्या सत्रात. संशयिताचा चेहरा वाचूनच तो खोटं बोलतोय का हे खेळणाऱ्याने ओळखायचं होतं, म्हणून चेहऱ्याला एवढं महत्त्व दिलं. चेहरे आजही थक्क करतात, मात्र डोकं बोलतंय आणि खाली धड स्वतःच्याच नादात आहे असं मधूनमधून जाणवतं, कारण माणूस चिडला की ते मानेत आणि खांद्यातही दिसतं आणि ते खांदे वेगळ्या वेळचे आहेत.

तर तुमच्या वाक्यात मी 'लोवेन्थालने पीटर पार्करची भूमिका केली' असंच लिहीन, आणि बोलणं फोनवरच्या संवादांबद्दल असेल तिथे बिनधास्त 'आवाज दिला'. 'डबिंग' मात्र त्याच्यासाठी नको, तो शब्द आपल्याकडे तयार चित्रावर नंतर बसवलेल्या आवाजासाठी रुळलाय. याच गेमच्या दुसऱ्या भाषेतल्या पीटरबद्दल लिहाल तेव्हा तो वापरा.