जुन्या कुराण प्रतींत अक्षरांवर नुक्ते, म्हणजे अक्षर ओळखण्याचे ठिपके, नव्हते म्हणतात, मग ते नंतर का घालावे लागले?

कारण नुसत्या रेघेवरून अक्षरच ठरत नव्हतं. शब्दाच्या मध्ये आलं की बा, ता, सा, नून आणि या ही पाचही अक्षरं एकाच लहानशा दातासारखी दिसतात; फरक फक्त नुक्त्यांचा. सूरा ४९, आयत ६ मधला एक शब्द पाहा. असे चार दात ओळीने येतात, आणि नुक्ते नसतील तर 'फतबय्यनू' (नीट शहानिशा करा) किंवा 'फतसब्बतू' (घाई न करता खात्री करा), दोन्ही वाचता येतं. ही दोन्ही पठणं परंपरेने मान्य आहेत. ज्याला कुराण तोंडपाठ होतं त्याचं अडत नसे, पण अरबी मातृभाषा नसलेले लोक इस्लाममध्ये आले तेव्हा वाचनात चुका होऊ लागल्या.

स्वरांची अडचण वेगळी. सूरा ९, आयत ३ मध्ये 'रसूलुहू'चं 'रसूलिही' केलं, की 'अल्लाह आणि त्याचा रसूल मूर्तिपूजकांपासून मुक्त आहेत' याऐवजी 'अल्लाह मूर्तिपूजकांपासून आणि रसूलापासून मुक्त आहे' असा भलताच अर्थ होतो! म्हणून आधी स्वरांसाठी लाल शाईचे ठिपके आले: अक्षरावर 'अ', खाली 'इ', बाजूला 'उ'. आजच्या जबर, जेर, पेश या खुणा त्यानंतरच्या. त्यांचं श्रेय आठव्या शतकातले अरबी भाषापंडित खलील इब्न अहमद यांना देतात.

मात्र नुक्ते हा पूर्णपणे नंतरचा शोध नव्हे. इ.स. ६४३ च्या इजिप्तमधल्या एका पपायरस पावतीवरही काही अक्षरांना ते आहेत. सुरुवातीला ते तुरळक घालत, एवढंच.