परतीचा पत्ता प्रोसेसरला आधीच कसा कळतो?

`ret` तर दर वेळी उडी मारतेच. मग तिथे भाकीत कसलं करायचं, आणि साधा प्रेडिक्टर तिथे का चुकतो?
— संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उडी पडणार की नाही याबद्दल शंका नसते, पण ती कुठे पडणार हे प्रोसेसरला फार लवकर ठरवावं लागतं. `ret` प्रत्यक्षात पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी फेचला पुढचा पत्ता हवा असतो. तो पुरवायला ब्रांच टार्गेट बफर, म्हणजे बीटीबी, असतो. त्यात नोंद शोधायची ती ब्रांचच्या स्वतःच्या पत्त्यावरून, आणि मिळतं ते 'मागच्या वेळी इथून कुठे गेलो होतो' याचं उत्तर. साध्या `jmp`ला एवढं पुरतं, कारण तिचं ठिकाण कोडमध्येच लिहिलेलं असतं आणि ते बदलत नाही.

आता हे पाहा. एका लूपमध्ये `f` दोन ठिकाणांहून बोलावलं जातंय:

```
0x1000  call f
0x1005  ...
0x1040  call f
0x1045  ...

0x2000  f: ...
0x2030  ret
```

`ret` एकच, `0x2030`वर. पहिल्यांदा ती `0x1005`ला परतते आणि बीटीबी तेवढं टिपून ठेवतो. पुढच्या वेळी तो `0x1005` सांगतो, पण जायचं असतं `0x1045`ला. मग तो `0x1045` टिपतो, आणि त्यानंतरची परतण्याची जागा पुन्हा `0x1005`. लूप 1000 वेळा फिरला तर 2000 परतींपैकी जवळपास सगळ्या चुकतात. प्रत्येक चुकीला 20 सायकल धरल्या तरी 40,000 सायकल वाया. स्टेशनवरच्या रिक्षावाल्याने मागचं गिऱ्हाईक जिथे सोडलं तिथेच पुढच्यालाही न विचारता न्यावं, तसा हा प्रकार.

कुठे परतायचं हे `ret`च्या इतिहासात नसतंच. ते ठरतं तिच्या जोडीच्या `call`पाशी, आणि `call` तर आधीच फेच होऊन गेलेली असते. म्हणून `call` दिसली की तिच्या पुढच्या सूचनेचा पत्ता प्रोसेसरमधल्या एका छोट्या स्टॅकवर ठेवायचा, आणि `ret` दिसली की वरचा पत्ता उचलायचा. हाच रिटर्न ॲड्रेस स्टॅक. डेव्हिड केली आणि फिलिप एम्मा यांनी 1991 मध्ये या कल्पनेची नीट मांडणी केली. वरच्या लूपमध्ये हा स्टॅक अगदी पहिल्या फेरीपासून बरोबर सांगतो. त्याला शिकायला वेळ लागत नाही, कारण तो काही शिकतच नाही, ठेवलेलं परत देतो.

परतीचा पत्ता मेमरीतल्या स्टॅकवर असतोच ना? तोच वाचायचा, वेगळा कशाला?
— एक वाचक, नाशिक

वाचतातच, पण फार उशिरा. x86वर `ret` आधी डीकोड व्हायला हवी, मग `rsp`ची किंमत कळायला हवी, मग कॅशमधून पत्ता यायला हवा. तोवर फेचने हातावर हात ठेवून बसायचं का? हार्डवेअरमधल्या स्टॅकवरून पत्ता लगेच मिळतो. मेमरीतला खरा पत्ता नंतर आला की दोन्ही ताडून पाहतात आणि जुळले नाहीत तर चुकीच्या वाटेवरचं काम फेकून देतात. त्यामुळे हा स्टॅक चुकला तर प्रोग्रामचा वेग जातो, उत्तर बिघडत नाही.

एक गोष्ट बरेचदा नजरेतून सुटते. हा स्टॅक आला म्हणून `ret`ची बीटीबीतली नोंद निकालात निघत नाही. डीकोडच्या आधीच 'या पत्त्यावर `ret` आहे' हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते बीटीबीच सांगतो. फक्त 'कुठे जायचं' हे त्याला विचारायचं नाही.

या स्टॅकमध्ये 16 किंवा 32च जागा असतात असं वाचलं. माझं ट्री-ट्रॅव्हर्सल रिकर्सिव्ह आहे. ते लूपमध्ये बदलून घ्यावं का?
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

या कारणासाठी तरी नको. आकडे बरोबर आहेत: इंटेलच्या स्कायलेकमध्ये 16, एएमडीच्या पहिल्या झेनमध्ये 32. जागा संपल्या की नवा पत्ता सर्वांत जुन्यावर लिहिला जातो. पण तोटा किती होतो ते मोजून बघू.

पूर्ण भरलेलं, 20 पातळ्यांचं बायनरी ट्री घ्या; त्यात 10,48,575 नोड. प्रत्येक नोडला एक `call` आणि एक `ret`. स्टॅक 16 जागांचा. तळाच्या नोडवर असताना स्टॅकमध्ये पाचव्या ते विसाव्या पातळीचे पत्ते असतात. वरच्या चार पातळ्यांचे पुसले गेलेले. त्या चार पातळ्यांत नोड 1 + 2 + 4 + 8, म्हणजे 15. साडेदहा लाखांत जास्तीत जास्त 15 परती चुकणार! बहुतेक चढउतार तळाशीच होते, तिथे 16 जागा भरपूर झाल्या.

त्यातही एक गंमत आहे. स्टॅक गोलाकार असेल आणि रिकामा झाल्याचं लक्षात ठेवत नसेल, तर चौथ्या पातळीच्या `ret`ला विसाव्या पातळीने शेवटी लिहिलेला पत्ता मिळतो. तो पत्ता 'उजव्या मुलाच्या `call`नंतर' असा असतो. चौथ्या पातळीचा नोडही उजवा मूल असेल तर शिळा पत्तासुद्धा बरोबर निघतो! फॅक्टोरियलसारख्या फंक्शनला, जिथे स्वतःला बोलावणारी जागा एकच आहे, या योगायोगामुळे हजार पातळ्या खोल जाऊनही फक्त सर्वांत बाहेरची परत चुकू शकते.

खरा फटका बसतो तो वेगवेगळ्या फंक्शनांच्या लांब साखळीला. 40 निरनिराळी फंक्शनं एकमेकांना बोलावत सरळ खाली गेली आणि सरळ वर आली, तर 16 परती बरोबर आणि 24 चुकीच्या. खोल कंस असलेली गणिती पदावली वाचणारा रिकर्सिव्ह पार्सर असा वागू शकतो, कारण प्रत्येक कंसामागे तीनचार फंक्शनं चढतात.

स्टॅक रिकामा झाल्यावर काय करायचं याची रीत प्रत्येक प्रोसेसरची वेगळी. स्कायलेक आणि त्यानंतरचे काही इंटेल अशा वेळी इनडायरेक्ट ब्रांचच्या प्रेडिक्टरकडे वळतात. 2022 मध्ये उघड झालेल्या 'रेटब्लीड' हल्ल्याने इंटेलवर नेमका याचाच फायदा घेतला.

तुमच्या प्रोग्रामचं खरं चित्र झेनवर असं मोजता येतं:

```
perf stat -e ex_ret_near_ret,ex_ret_near_ret_mispred ./prog
```

दुसरा आकडा पहिल्याच्या तुलनेत नगण्य असेल तर रिकर्शनला हात लावू नका.

स्वतः कोरूटीन लिहिले आहेत. स्विचमध्ये मोजक्याच सूचना आहेत, तरी प्रत्येक स्विचला विसेक सायकल जास्त जातात. का?
— एक वाचक, बंगळुरू

तुमच्या स्विचचा गाभा बहुधा असा असेल:

```
mov [rdi], rsp
mov rsp, rsi
ret
```

मेमरीतला स्टॅक तुम्ही बदललात, पण प्रोसेसरच्या आतल्या स्टॅकला त्याची खबर नाही. तो जुन्याच कोरूटीनचा पत्ता देतो आणि ही `ret` दर वेळी चुकते. त्याच विसेक सायकली.

`ret`च्या जागी `pop rcx` आणि `jmp rcx` लिहून काम भागेल असं वाटतं, आणि मीही एकदा तसं केलं होतं. स्विच सुधारला, पण आजूबाजूची फंक्शनं मंदावली. कारण स्विचला बोलावणाऱ्या `call`ने आतल्या स्टॅकवर एक पत्ता ठेवला आणि तो उचलणारी `ret`च उरली नाही. पुढची प्रत्येक परत एका घराने सरकली. सरकलेला स्टॅक आपोआप सरळ होत नाही. एक चूक झाली की तिच्या बाहेरच्या परतीही ओळीने चुकत जातात. `longjmp`ने मधली फंक्शनं ओलांडली की हेच होतं.

स्विच इनलाइन करा. मग `call`ही नाही आणि `ret`ही नाही, जोडी मोडायचा प्रश्नच मिटतो. शिवाय प्रत्येक ठिकाणच्या `jmp`ला स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणून इनडायरेक्ट प्रेडिक्टरला ती ओळखणंही सोपं जातं.

जीसीसीने 32-बिट कोडमध्ये ही जोडी किती जपली आहे ते बघण्यासारखं आहे. चालू सूचनेचा पत्ता हवा म्हणून `call` करून लगेच `pop ebx` करता आलं असतं, पण त्यासाठी `__x86.get_pc_thunk.bx` हे इवलंसं फंक्शन मुद्दाम ठेवलंय. ते `[esp]` वाचतं आणि रीतसर `ret` करतं.

माझ्या सिम्युलेटरमध्ये रिटर्न ॲड्रेस स्टॅक भरपूर मोठा ठेवला, तरी काही परती चुकतातच. बग कुठे शोधू?
— एमटेकचा विद्यार्थी, नागपूर

चुकीच्या वाटेवर शोधा. समजा स्टॅकच्या टोकाला `A` आहे. एका `if`चं भाकीत चुकलं आणि त्या चुकीच्या वाटेवर आधी एक `ret` आली, मग एक `call`. `ret`ने `A` उचलला, `call`ने त्याच घरात `X` लिहिला. चूक कळल्यावर तुम्ही टोकाचा निर्देशक पूर्ववत केलात. तो अगदी बरोबर घराकडे बघतोय, पण त्या घरात आता `X` आहे.

केविन स्कॅड्रन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये यावर स्वस्त तोड दाखवली: प्रत्येक ब्रांचपाशी निर्देशकाबरोबर टोकाचा पत्ताही जपून ठेवायचा आणि चूक कळली की दोन्ही परत बसवायचे. चुकीच्या वाटेवर लागोपाठ दोन `ret` आणि मग दोन `call` आल्या तर खालचं घर तरीही बिघडतं, पण तसं क्वचित घडतं. सिम्युलेटरमध्ये आधी संपूर्ण स्टॅकची नक्कल जपून पाहा. चुका नाहीशा झाल्या तर कारण हेच.

व्हर्च्युअल फंक्शनच्या `call`लाही असाच एखादा स्टॅक का नाही? आणि तिथला प्रेडिक्टर `ret`लाच का वापरत नाहीत?
— गेम प्रोग्रामर, मुंबई

`ret`च्या आधी तिचं ठिकाण सांगणारी एक घटना नक्की घडलेली असते. `shape->draw()` या ओळीला तशी जोडी नाही. पुढची वस्तू वर्तुळ आहे की चौकोन, हे डेटा ठरवतो. म्हणून तिथे इतिहासावरून अंदाज बांधावा लागतो. वर्तुळ, चौकोन, चौकोन असा क्रम सतत येत असेल तर 'मागचंच ठिकाण' सांगणारा बीटीबी तिनांपैकी एकदाच बरोबर येतो, चौकोनानंतर चौकोन आला तेव्हा. शेवटची दोन ठिकाणं मिळून नोंद शोधली तर दोन चौकोनांनंतर वर्तुळ, आणि बाकी दोन्ही जोड्यांनंतर चौकोन, असं तिन्ही वेळा जमतं. चँग, हाओ आणि पॅट यांनी 1997 मध्ये मांडलेल्या टार्गेट कॅशचं तत्त्व हेच.

`ret`लाही हे चालेल, पण अर्धवट. कुणी बोलावलं याची खूण इतिहासात असते, मात्र फंक्शनच्या आतल्या ब्रांच ती खूण मागे ढकलत जातात. फंक्शनमध्ये लांब लूप असला तर `ret`पर्यंत ती उरतही नाही. शिवाय बोलावणारी प्रत्येक जागा आणि आतली प्रत्येक वाट वेगवेगळी शिकावी लागते, आणि टेबलातल्या तेवढ्या जागा तुमच्या `draw()`च्या वाट्याच्या जातात. त्या `draw()`साठी मात्र तुम्हाला करता येईल ते सोपं आहे: वस्तू प्रकारानुसार लावून घ्या, सगळी वर्तुळं आधी आणि चौकोन नंतर. मग साधा बीटीबीसुद्धा प्रकार बदलतो तिथेच काय तो चुकेल.