राखीचा मेसेज आणि ‘असो’

“भाऊ आठ वर्षं टोरांटोला आहे. दर राखीला मी त्याला छान मेसेज पाठवते आणि त्याचं उत्तर येतं, ‘सेम टू यू ताई’. यंदा असं काय लिहू की त्याला ते माझं वाटेल? लिहायला बसले की एक तर ते फॉरवर्डसारखं होतं, नाही तर रडगाणं होतं.”

मी समुपदेशक आहे. आषाढ संपत आला की माझ्याकडे हे बोलणं सुरू होतं. कधी भाऊ जर्मनीत असतो, कधी मेलबर्नला. बाईचा मूळ विषय बहुतेक वेळा दुसराच असतो. कुणाला झोप लागत नसते, कुणाचं सासूशी बिनसलेलं असतं, आणि मध्येच भावाची गोष्ट निघते व डोळे भरून येतात. वर जिचे शब्द दिलेत ती ४१ वर्षांची, भाऊ तिच्याहून पाच वर्षांनी लहान. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिने आनंदाने होकार दिला आहे.

पहिल्या भेटीत मी तिला गेल्या वर्षीचा मेसेज वाचून दाखवायला सांगितला. तिने फोन काढला. “रक्षाबंधनाच्या हार्दिक शुभेच्छा, प्रिय बंधुराज! भावा-बहिणीच्या अतूट नात्याचा हा पवित्र सण तुझ्या आयुष्यात सुख, समृद्धी आणि भरभराट घेऊन येवो. मिस यू.”

“घरात तुम्ही त्याला काय हाक मारता?”

“बंड्या.”

“मग हे बंधुराज कोण?”

ती हसली. हा मेसेज आणखी कुणाला पाठवला होता, असं मी विचारलं. “चुलत-मावस धरून पाच भावांना,” ती म्हणाली आणि गप्प झाली.

त्या मेसेजमध्ये वाईट काहीच नव्हतं. पण तो आधीच पूर्ण होता, वाचणाऱ्याने बोलावं अशी जागाच त्यात नव्हती. शुभेच्छेला माणूस शुभेच्छाच परत देतो. दारात कुणी ‘नमस्कार’ म्हटलं तर आपण आयुष्याची कहाणी सांगत नाही, नमस्कार म्हणतो आणि पुढे जातो. आठ वर्षं ती ‘सेम टू यू’मधून भावाचा कोरडेपणा मोजत होती. प्रत्यक्षात जसं पत्र, तसं त्याचं उत्तर होतं. हे ऐकल्यावर तिचा चेहरा थोडा सैल झाला. घरी जाऊन स्वतःच्या शब्दांत लिहून आणा, असं मी सांगितलं.

पुढच्या भेटीत तिने वहीच पुढे केली.

“बंड्या, आठ वर्षं झाली तुझ्या हाताला राखी बांधून. आई दर वर्षी तुझा पाट मांडते आणि तसाच उचलते. तुला वेळ नसतो, कळतं मला. पण निदान एक फोन तरी करशील असं वाटतं. असो. सुखी राहा.”

भाषा तिची होती. हाकही खरी होती. तरीही हा मेसेज पाठवू नका, असं मी म्हणाले आणि ‘असो’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

“हे ‘असो’ कुणासाठी लिहिलंय?”

“त्यालाच. म्हणजे, जाऊ दे, सोडलं मी.”

“सोडलंत?”

बराच वेळ ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग एकदम बोलायला लागली. बाबांच्या आजारपणात सगळं मीच केलं. आईचं सगळं मीच बघते. मी राखी न चुकता पोस्टाने पाठवते, महिनाभर आधी. मग त्याने फोन करायलाच हवा ना? बहिणीची एवढी आठवण ठेवायलाच हवी ना?

मी ज्या विचारपद्धतीत शिकले, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. माणसाला घटना जितकी छळते त्याहून जास्त त्याची स्वतःची सक्ती छळते, हे त्यातलं मला सर्वांत पटलेलं सूत्र आहे. इंग्रजीत हे समजावायला बरेच शब्द लागतात. मराठीत एकच अक्षर पुरतं: च. ‘करायला हवा’ ही इच्छा, ‘करायलाच हवा’ हा हुकूम. हुकूम मोडला की राग येतो. राग दाखवायचा नसला की ‘निदान’, ‘तरी’ आणि ‘असो’ येतात. इतकी वर्षं हे काम करून माझा कान आता या तीन शब्दांवर लगेच जातो.

मी तिला म्हटलं, तेच वाक्य ‘च’ काढून म्हणा.

“त्याने फोन करायला हवा.”

“आणखी सैल करा.”

“त्याने फोन केला तर…” ती थांबली. पदराशी चाळा करत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हाताशी आलेलं निसटतं. “त्याने फोन केला तर मला फार आवडेल,” ती अगदी हळू म्हणाली. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “हे मी त्याला कधी सांगितलंच नाहीये.”

तेवढ्यासाठीच त्या दोन भेटी होत्या, असं मला आजही वाटतं. आठ वर्षं त्या भावापर्यंत एक तर बंधुराजाची शुभेच्छा पोचत होती किंवा तिच्या आवाजातली नाराजी. त्याचा फोन आला तर तिला आवडतो, ही साधी बातमी त्याला मिळालेलीच नव्हती.

तक्रारीचं काय करायचं, हे तिने विचारलं आणि ते विचारायलाच हवं होतं. आईच्या जबाबदारीचा प्रश्न खरा होता. तो बोला, पण वेगळ्या दिवशी, फोनवर आणि नेमक्या मागणीसह: आईच्या तपासण्यांचा खर्च कोण करणार, वर्षातले किती दिवस तू येऊ शकतोस. राखीच्या मेसेजमध्ये आईचा रिकामा पाट ठेवला की वाचणाऱ्याला फक्त अपराधी वाटतं. अपराधी वाटणारा माणूस लांबून हात जोडतो, जवळ येत नाही.

आता लिहायचं काय? “लहानपणी आम्ही खूप भांडायचो,” ती म्हणाली. मी नको म्हटलं, कारण सगळीच भावंडं भांडतात. हे बंधुराजाचंच घरगुती रूप झालं. मला अशी गोष्ट हवी होती जी जगात फक्त तिलाच ठाऊक आहे. तिला पटकन काही आठवेना. म्हणून मी तिला राखीच्या सकाळी त्या जुन्या घरात उभं केलं. पाट कुठे मांडलेला असायचा? राखी कशी असायची? स्पंजची, मोठ्ठी, वर सोनेरी प्लास्टिकचं फूल, ती सांगू लागली. तो ती गणपतीपर्यंत काढायचा नाही. आंघोळीत भिजून भिजून स्पंजाला वास मारायचा, मग आई कात्रीने कापायची. ओवाळणी काय टाकायचा? आणि तिथे ती खुदकन हसली.

“बाबा त्याच्या हातात अकरा रुपये द्यायचे. दहाची नोट आणि वर एक नाणं. हा नोट ताटात टाकायचा आणि नाणं मुठीत दाबून धरायचा. त्याला वाटायचं, मला कळत नाही.”

“तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही. मार बसला असता त्याला.”

मेसेज सापडला होता. त्या एका रुपयात तिचं सगळं ताईपण होतं, आणि ‘माझं तुझ्यावर किती प्रेम आहे’ हे लिहायची गरज उरली नव्हती.

पण नुसती जुनी आठवणही पुरत नाही. परदेशी गेलेल्या भावाला घरचे लोक तो गेला त्या वयात गोठवून ठेवतात. त्याचं आजचं आयुष्य कुणी विचारत नाही. मी विचारलं, तो कामावर कसा जातो? तिला माहीत नव्हतं. तो राखी कशी बांधतो? तेही माहीत नव्हतं. राखीला अजून तीन आठवडे होते. दोन-तीन दिवसांनी एकच छोटा प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं की सल्ला द्यायचा नाही, असं ठरलं. तिने विचारलं, आज डब्यात काय नेलंस? त्याने डब्याचा फोटो पाठवला. हळूहळू कळलं की तो सव्वासातची लोकल पकडतो. बायकोची ड्यूटी पहाटेची, त्यामुळे राखी तो एकटाच बांधतो आणि गाठ दाताने ओढतो.

शेवटचा मेसेज असा झाला:

“बंड्या, बाबा तुला ओवाळणीचे अकरा रुपये द्यायचे आणि तू दहाच टाकायचास. एक रुपया मुठीत असायचा, मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्याचं काय घ्यायचास ते मात्र आजवर कळलं नाही. आज सव्वासातच्या गाडीत बसशील तेव्हा राखी हातात असू दे. तुझा फोन आला की मला फार आवडतं, हे कधी सांगितलं नव्हतं. रविवारी तुझ्या सकाळी मी घरीच आहे. – ताई”

त्यात सण, पवित्र, अतूट यांतला एकही शब्द नाही. एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर ‘सेम टू यू’ होऊ शकत नाही. एक इच्छा आहे, ‘च’ नसलेली. आणि बोलायला एक ठरावीक वेळ आहे. ‘कधीतरी फोन कर’ म्हटलं की तो कधीच येत नाही.

पाठवायची वेळही आम्ही ठरवली. दर वर्षी ती सकाळी सातला, अंघोळ-पूजा झाली की पाठवायची. ऑगस्टमध्ये टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे तिचा मेसेज पोचायचा तेव्हा तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असायचे. भाऊ दमलेला आणि त्याची राखी उजाडलेलीच नसायची. त्याला सकाळी साडेसहाला मिळायचा तर इथून दुपारी चारला पाठवायला हवा. २०२४ ची राखी १९ ऑगस्टला, सोमवारी होती आणि भद्रा दुपारी दीडपर्यंत होती, त्यामुळे चारच्या वेळेला आईचीही हरकत नव्हती. तिने गजर लावला. घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही, एकट्यालाच पाठवायचा, हे मी दोनदा बजावलं. ग्रुपवर भाऊ बहिणीला उत्तर देत नाही, तो सगळ्या नातेवाइकांना उत्तर देतो.

एक मर्यादा सांगायला हवी. त्याच पावसाळ्यात दुसरी एक बाई असाच मेसेज लिहून मागायला आली होती. तिच्या भावाने घराच्या हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती, नीट न सांगता. तिला मी मेसेज लिहू दिला नाही. तिथे आधी कागदांबद्दल बोलायला हवं होतं. एक रुपयाची आठवण तशा जखमेवर ठेवली तर बहिणीचं दुःख आणखी एक वर्ष दाबून राहतं.

१९ तारखेला संध्याकाळी पाचला माझ्या फोनवर तिने एक फोटो पाठवला. लोकलच्या खिडकीशी टेकलेलं मनगट, त्यावर राखी, गाठीचे दोरे ओले. खाली त्याचा मेसेज तिने जसाच्या तसा पाठवला होता:

“तायडे, पेप्सीकोला घ्यायचो. आणि एका वर्षी दोन रुपये ठेवले होते, ते तुला कळलं नाही. रविवारी नऊला करतो.”