भारित सरासरीचा दर आणि शेवटचे खरेदी बिल

प्रश्न : स्टॉक रिपोर्टमध्ये वायरच्या बंडलाचा दर १,६९० येतो, पण शेवटचे बिल १,९०० चे आहे. रिपोर्ट चुकतोय का? दर शेवटच्या बिलाचा करून टाकू का?

रिपोर्ट बहुधा बरोबर आहे आणि दर बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमचे सॉफ्टवेअर बहुधा भारित सरासरी काढते, म्हणजे साठ्याचे एकूण मूल्य भागिले एकूण नग. तुमच्या आकड्यांशी जुळणारे एक उदाहरण घेतो. आरंभीची शिल्लक ४० बंडले १,५०० ने, म्हणजे ६०,००० रुपये. नंतर ६० बंडले १,७०० ने आली. एकूण १०० बंडले १,६२,००० ची, म्हणून सरासरी १,६२०. त्यांतील ७० विकली गेली, तेव्हा उरलेल्या ३० चे मूल्य ४८,६०० झाले. मग १० बंडले १,९०० ने आली. आता ४० बंडलांचे मूल्य ६७,६०० आणि दर १,६९०. नव्या दराचा माल फक्त दहा बंडले असल्याने त्याने सरासरी ७० रुपयांनीच वर ओढली. पूर्ण साठ्याला १,९०० लावल्यास मूल्य ७६,००० होईल आणि न कमावलेला ८,४०० रुपयांचा नफा ताळेबंदात दिसेल.

आम्हाला नेमके हेच भोवले. सॉफ्टवेअरची सेवा देणाऱ्या कार्यालयाने फोनवरच कॉस्टिंग पद्धत शेवटच्या खरेदीवर नेऊन दिली, परिणाम काय होईल हे सांगितले नाही आणि नंतर विचारल्यावर हिशेबनिसाकडे बोट दाखवले. गेल्या वर्षाचे रिपोर्टही नव्या दराने दिसू लागले आणि लेखापरीक्षित अखेरची शिल्लक पडद्यावरील शिल्लकेशी जुळेना. साठ्याच्या मूल्यांकनाविषयीच्या लेखा मानक २ मध्ये अशा अदलाबदल करता येण्याजोग्या मालासाठी फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असे धरण्याची पद्धत, किंवा भारित सरासरी सांगितली आहे, आणि निव्वळ वसूल होणारी किंमत खर्चापेक्षा कमी असेल तर ती धरायची असते. शेवटच्या खरेदीचा दर हा पर्याय तिथे नाही.

मात्र सरासरीवरही डोळे झाकून विसंबू नये. ती आरंभीच्या दरासह सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त खरेदीदर यांच्या मध्येच असायला हवी. वाहतूक खर्च मालाच्या किमतीत धरत असाल, तर दर तो मिळवून तपासा. सरासरी या पट्ट्याबाहेर गेली, तर एखादे बिल बंडलाऐवजी मीटरमध्ये चढले आहे का, किंवा खरेदीआधी विक्रीची नोंद होऊन साठा उणे गेला आहे का, हे आधी पाहावे. शिवाय काही सॉफ्टवेअर वर्षभराची आवक एकत्र करून सरासरी काढतात. वरील उदाहरणात ती १,८१,००० भागिले ११०, म्हणजे सुमारे १,६४५ येईल. तीही चूक नव्हे, फक्त गणित वेगळे आहे.

मी सनदी लेखापाल नाही, तेव्हा पद्धत बदलण्यापूर्वी तुमच्या लेखापालांकडून लेखी होकार घ्यावा. विक्रीचा दर ठरवताना मात्र शेवटचे बिलच समोर ठेवा, कारण विकलेल्या बंडलाच्या जागी नवे आणायला १,९०० च मोजावे लागणार आहेत.