सुरुवातीच्या वेगांचा तक्ता: ऑर्डर आणि k

"सर, 2NO + 2H2 → N2 + 2H2O या अभिक्रियेच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत दोन्ही कॉन्सन्ट्रेशन बदलतात. NO ची ऑर्डर काढायची कशी?" – बारावीची विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

| ओळ | NO (M) | H2 (M) | वेग (M/से.) |
|---|---|---|---|
| १ | ०.००५० | ०.००२० | १.२५ × १०⁻⁵ |
| २ | ०.००५० | ०.००४० | २.५० × १०⁻⁵ |
| ३ | ०.०१०० | ०.००६० | १.५० × १०⁻⁴ |

आधी H2 चा निकाल लावा. पहिल्या दोन ओळींत NO तेवढाच आहे, H2 दुप्पट झाला आणि वेगही दुप्पट, म्हणजे H2 ची ऑर्डर १. आता पहिली आणि तिसरी ओळ शेजारी ठेवा. वेग १२ पट झालाय. त्यात H2 तिप्पट झाल्यामुळे आलेला वाटा ३ पटींचा, तो भागून टाकला की ४ उरतात. हे ४ एकट्या NO चे. NO दुप्पट झालाय आणि २² = ४, म्हणून त्याची ऑर्डर २, एकूण ३.

k साठी पहिली ओळ घ्या: १.२५ × १०⁻⁵ भागिले (०.००५०)² × ०.००२०, उत्तर २५० M⁻² s⁻¹. मग तिसऱ्या ओळीतूनही k काढाच. तिथेही २५० आले तरच ऑर्डर बरोबर.

"समीकरणात H2 च्या आधी २ आहे. मग तोच घात का नाही लिहायचा?" – लश्कर, ग्वाल्हेर

वरच्याच तक्त्यावर लिहून बघा. H2 चा घात २ धरला, तर पहिल्या ओळीतून k येतो १.२५ × १०⁵ आणि दुसऱ्यातून त्याच्या निम्मा. तापमान एकच असताना k असा बदलत नाही, म्हणजे घातच चुकलाय. कारण यंत्रणेत आहे. NO चे दोन रेणू पटकन जुळून N2O2 होतो आणि त्याची H2 शी होणारी पायरी संथ असते. दुसरा H2 त्यानंतर लागतो, त्यामुळे वेगावर त्याचा ताबा नाही.

"प्रॅक्टिकलमध्ये कॉन्सन्ट्रेशन १.२ पट केलं, तर ऑर्डर १.२७ आली. १ लिहू का?" – बीएस्सी, वडोदरा

डोळे मिटून लिहू नका. ऑर्डर म्हणजे वेगांच्या गुणोत्तराचा लॉग भागिले कॉन्सन्ट्रेशनच्या गुणोत्तराचा लॉग. १.२ पटीचा लॉग इतका लहान असतो, की वेग मोजण्यातली ५ टक्क्यांची चूक ऑर्डरमध्ये ०.२७ होऊन उतरते. दुप्पट केलं असतं, तर तीच चूक जेमतेम ०.०७ राहिली असती. दुप्पट किंवा चौपट करून प्रयोग पुन्हा करा. तेव्हाही १.५ च्या आसपास आली, तर ती खरी असू शकते: ॲसिटाल्डिहाइडच्या उष्ण विघटनाची ऑर्डर ३/२ आहे.

आणि k सकाळपासून दुपारपर्यंत ओळीने वाढत गेला, तर आधी थर्मामीटर बघा. मे महिन्यातल्या प्रयोगशाळेत द्रावणं पाण्याच्या बाथमध्ये ठेवल्याशिवाय हा तक्ता जुळत नाही.