३२२ व्होल्ट आले कुठून?

प्रश्न: सिम्युलेटरवर ३० ओहमचा रेझिस्टर आणि १२७ मिलिहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये जोडली. सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. रेझिस्टरवर १३८ व्होल्ट दिसतात, कॉइलवर १८४. बेरीज ३२२ होते! माझं काय चुकलं? आणि पॉवर फॅक्टर ०.६ आला तर सर "वाईट आहे" म्हणाले, ते का?

तुमचं काहीच चुकलेलं नाही. ही बेरीज मीही पहिल्या वर्षाला अशीच केली होती आणि मीटर बिघडलाय म्हणून बदलून मागितला होता.

व्होल्टमीटर आरएमएस दाखवतो, म्हणजे फक्त किती ते सांगतो. कधी ते सांगत नाही. रेझिस्टरवरचा व्होल्टेज करंटसोबतच वरखाली होतो. कॉइलचं तसं नाही. तिच्यावरचा व्होल्टेज करंट किती आहे यावर नाही, तर तो किती वेगानं बदलतोय यावर ठरतो. साइन वेव्ह सगळ्यात वेगानं बदलते ती शून्य ओलांडताना, आणि शिखरावर क्षणभर थांबते. म्हणून कॉइलचा व्होल्टेज करंटच्या पाव चक्र आधी शिखर गाठतो. या दोन व्होल्टेजची शिखरं एकाच वेळी येतच नाहीत, मग सरळ बेरीज कशी चालेल? त्यांना काटकोनात ठेवा: १३८ चा वर्ग अधिक १८४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ बरोबर २३०.

फेजर म्हणजे एवढंच. सर्किटमध्ये सगळं ५० हर्ट्झनेच हलतंय, तर ती वारंवारता दरवेळी लिहायची कशाला? प्रत्येक राशीचं माप आणि कोन ठेवायचा, बाकी सोडून द्यायचं. पाव चक्राची आघाडी म्हणजे `j` ने गुणणं. मग डिफरन्शियल इक्वेशनचा साधा गुणाकार-भागाकार होतो:

```
X = 2π × 50 × 0.127 ≈ 40 Ω
Z = 30 + j40 = 50 ∠53° Ω
I = 230 / 50 = 4.6 A
```

करंट ५३ अंश मागे, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या चक्रात साधारण ३ मिलिसेकंद उशिरा. मात्र हे बटण दाबल्या क्षणापासून लागू नाही. सुरुवातीला करंटमध्ये एक विरत जाणारा भाग मिसळलेला असतो. इथे `L/R` सुमारे ४.२ मिलिसेकंद आहे, त्यामुळे एका चक्रात तो जवळपास संपतो. सिम्युलेटरवर पहिलं चक्र वाकडं दिसलं असेल तर ते याचमुळे.

आता सरांचं म्हणणं. उष्णता फक्त रेझिस्टरमध्ये होते: ४.६ चा वर्ग गुणिले ३०, म्हणजे ६३५ वॅट. पण २३० गुणिले ४.६ केलं तर १०५८ व्होल्ट-अँपिअर येतात. या दोघांचं गुणोत्तर तुमचा ०.६. कॉइल प्रत्येक चक्रात दोनदा ऊर्जा घेते आणि दोनदा परत करते. तिचा खप शून्य. पण हे येणं-जाणं तारेतूनच होतं ना! ६३५ वॅटला खरं तर २.७६ अँपिअर पुरले असते. तारेचा रोध तोच धरला, तर करंट ४.६ झाल्यानं तिच्यात वाया जाणारी ऊर्जा जवळपास पावणेतीनपट होते. शिवाय केबल, स्विच, ट्रान्सफॉर्मर, सगळे ४.६ साठी निवडावे लागतात. घरचा मीटर kWh मोजतो म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना बिल kVAh वर येतं, तिथे ते थेट खिशाला लागतं.

उपाय म्हणजे या जोडीला पॅरलल सुमारे ५१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कॉइलला हवी असलेली ये-जा तो शेजारूनच भागवतो. सप्लायचा करंट २.७६ वर येतो. कॉइलमधला मात्र ४.६ च राहतो. अनेकांना वाटतं की कॉइल "सुधारली". तसं नाही, फक्त सप्लायच्या तारेवरचं ओझं उतरलं.

कपॅसिटर चुकून सिरीजमध्ये लावू नका. तिथे ८० मायक्रोफॅरडच्या आसपास तो कॉइलचे ४० ओहम पुरते खोडून टाकेल, करंट ७.६७ अँपिअर होईल आणि कॉइलवर ३०७ व्होल्ट येतील. पॉवर फॅक्टर मात्र १ दिसेल!

आणि हेच लॅबमध्ये खऱ्या कॉइलवर केलंत तर वर्गांचं वर्गमूळ २३० पेक्षा थोडं कमी येईल. तेव्हाही मीटर बदलू नका. कॉइलच्या तांब्याला स्वतःचा रोध असतो, त्यामुळे तिचा व्होल्टेज पूर्ण ९० अंश पुढे नसतो. समजा तुमच्या ३० पैकी ५ ओहम कॉइलच्या आतच असले, तर मीटर ११५ आणि १८५ दाखवेल आणि उत्तर २१८ येईल. तो रोध मल्टिमीटरने डीसीवर मोजा. लोखंडी गाभा असेल तर एसीवर प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच भरेल, कारण गाभाही तापतो.