घाटातल्या वळणावर ब्रेक वळणाआधी का मारायचा

प्रश्न: दीडशे सीसीची बाईक घेऊन सहा महिने झालेत. घाट उतरताना वळणाच्या मध्यात वेग जास्त वाटला की मी पुढचा ब्रेक दाबतो, आणि गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जायला लागते. बाईकला एबीएस आहे, तरी असं का होतं? वळण नक्की घ्यायचं कसं?

उत्तर:

बाईक बिघडलेली नाही. वळणात झुकलेल्या बाईकचा पुढचा ब्रेक दाबला की ती तशीच वागते, आणि एबीएस ते थांबवू शकत नाही. ब्रेक मारायची जागा बदलली की हा त्रास जवळजवळ संपतो. माझं घर चिपळूणला आणि काम कोयनानगरच्या बाजूला, त्यामुळे कुंभार्ली घाट अकरा वर्षं बाईकवरून चढतो-उतरतो आहे. तुम्ही सांगताय तो प्रकार मी स्वतः अनुभवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झुकलेली गाडी ब्रेक दाबल्यावर सरळ उभी का होते ते बघू. बाईकचा टायर गोलसर असतो. सरळ चालताना तो मधोमध टेकतो, झुकल्यावर आतल्या कडेजवळ टेकतो. घाट उतरून आलात की गाडी स्टँडवर लावून पुढचा टायर नीट बघा. मधल्या भागाशेजारी, थोडा कडेकडे, ताजा घासलेला पट्टा दिसेल. झुकलेले असताना पुढच्या चाकावरचा सगळा भार तळहाताएवढ्या त्या जागेवर होता. आता तिथेच ब्रेकचा जोर रस्त्याला धरून मागे ओढतो. ही जागा चाकाच्या मध्यरेषेपासून बाजूला असल्यामुळे त्या ओढीने हँडल वळणाच्या आतल्या बाजूला फिरायला बघतं. आणि चालत्या बाईकचं हँडल आत फिरलं की बाईक झुकायच्या ऐवजी उभी राहते. उभी बाईक वळत नाही, सरळ जाते. तुम्हाला जाणवतं ते हेच.

आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून डाव्या वळणावर असं झालं तर तुम्ही थेट समोरून येणाऱ्याच्या बाजूला जाता. उजव्या वळणावर झालं तर डावीकडचं गटार, कठडा किंवा जे काही असेल ते. मला स्वतःला डावं वळण जास्त धोक्याचं वाटतं, कारण कठडा जागेवर असतो, ट्रक मात्र तुमच्याकडे येत असतो.

दुसरं कारण पकडीचं. टायरकडे रस्त्याची पकड ठरावीक असते, आणि वळायला लागणारा जोर व थांबायला लागणारा जोर दोन्ही त्याच एका साठ्यातून जातात. आकड्यांत बघू. ३० मीटर त्रिज्येचं वळण धरा, हेअरपिनपेक्षा मोकळं, घाटात पावलोपावली भेटणारं. ताशी ३० किलोमीटरने ते घेतलंत तर गाडीच्या वजनाच्या साधारण २४ टक्के एवढा बाजूचा जोर लागतो. ४० ला तो ४२ टक्के होतो आणि ५० ला ६६ टक्के. वेग थोडाच वाढला तरी गरज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता चांगल्या कोरड्या डांबरावर पकड वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास धरा आणि पावसात ओल्या रस्त्यावर ४५ टक्के. हे अंदाजे आकडे आहेत, टायर आणि रस्ता बघून खाली-वर होतात.

म्हणजे कोरड्या रस्त्यावर ५० ने ते वळण निघून जातं, पण टायरकडे थोडंच शिल्लक राहतं. त्या क्षणी घाबरून ब्रेक आवळला की तो साठा ओलांडला जातो आणि पुढचं चाक घसरतं. पावसात तर ५० ने ते वळण ब्रेक न दाबताही निघत नाही. ४० ने कसंबसं निघतं, आणि ब्रेकसाठी उरतं ते अगदी नावापुरतं. ३० ने आलात तर मात्र पावसातही बरीच पकड हाताशी राहते. वळणावर गुरं बसलेली असोत, दरडीची माती सांडलेली असो, नाहीतर चढणाऱ्या ट्रकच्या टाकीतून डिझेल गळालेलं असो, तेव्हा तीच पकड उपयोगी पडते. वळणाआधी वेग कमी करायचा तो एवढ्यासाठी, की मध्यात गरज पडली तर टायरकडे द्यायला काहीतरी असावं.

एबीएसबद्दल. सव्वाशे सीसीच्या वरच्या बाईकना तो आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे आणि तो खरोखर जीव वाचवतो. पण त्याचं काम चाक लॉक होऊ न देणं. चाक लॉक होतंय असं कळलं की तो ब्रेक क्षणभर सोडतो आणि पुन्हा धरतो. साध्या एबीएसला गाडी किती झुकली आहे हे कळतच नाही. तो सरळ रस्त्यावर चाकाला जितकं घसरू देईल तितकंच झुकलेले असताना घसरू देतो, आणि तेवढ्यात टायर बाजूला निसटलेला असतो. झुकाव मोजून ब्रेक सांभाळणारा एबीएस महागड्या बाईकवर असतो, तुमच्यावर नाही असं धरूनच चाला. शिवाय गाडी उभी राहणं तर कुठलंच चाक लॉक न होताही होतं.

आता वळण घ्यायचं कसं. पोफळीच्या बाजूला उतरताना एक डावं वळण आहे असं समजा. तुम्ही साधारण ६० ने येताय आणि वळणात ३५ ने शिरायचं आहे. व्यवस्थित, पण घाबरून नाही, असा ब्रेक मारला तर त्याला ३० मीटरच्या आसपास लागतात, म्हणजे सहा-सात मोटारींच्या लांबीइतकं. उतार असेल तर आणखी थोडं, पावसात दुप्पट धरा. म्हणून सुरुवात आधीच करायची, गाडी सरळ उभी असताना. पुढचा ब्रेक हळूच धरा, पुढचे फोर्क खाली दबले की जोर वाढवा, आणि मागचा सोबतीला. पहिल्या क्षणी एकदम आवळू नका, नाहीतर पुढच्या चाकावर वजन यायच्या आधीच ते लॉक व्हायला बघतं. याच वेळेत एक गिअर खाली, साधारण तिसऱ्यावर, आणि क्लच हलकेच सोडा. वळणाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत हे सगळं आटोपलेलं असलं पाहिजे. मग ब्रेक अलगद पूर्ण सोडून गाडी आत टाका आणि अॅक्सिलरेटर अगदी थोडा, एकसारखा धरून ठेवा. वळण उघडत जाईल तसा तो वाढवा.

अनुभवी लोक वळणात शिरतानाही थोडा ब्रेक धरून ठेवतात, असं तुम्ही ऐकाल. खरं आहे, पण ते तो ब्रेक सोडत सोडत आत जातात, आतमध्ये नव्याने दाबत नाहीत. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा महिन्यांत त्याच्या मागे लागू नका.

क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय पेट्रोल वाचवायला म्हणून पुष्कळांना असते. ती असेल तर आजच सोडा. इंजिन जे रोखून धरत होतं ते सुटतं, उतारावर गाडी वेग घेत राहते आणि मग वळणाच्या मध्यात ब्रेकशिवाय इलाज उरत नाही. उलट, वळणाच्या मध्यात ओल्या रस्त्यावर झटकन गिअर खाली टाकून क्लच सोडणंही तितकंच वाईट. मागचं चाक इंजिन अडवतं आणि ब्रेक लॉक झाल्यासारखंच ते निसटतं.

किती वेग कमी करायचा हे कळतं ते वळणातला रस्ता डोळ्यांआड होतो त्या टोकावरून. पुढे जाताना ते टोक तुमच्यापासून दूर पळत असेल तर वळण सुटतंय. ते तिथेच असेल आणि तुम्ही त्याच्या जवळ पोहोचत असाल, तर वळण आवळत चाललंय आणि तुमचा वेग जास्त आहे. वळणात शिरायच्या आधी हे दोन सेकंद बघितलं तरी पुष्कळ होतं. खरी हेअरपिन त्याहून आवळ असते. १५ मीटरच्या वळणावर ताशी २० सुद्धा पुरेसा वेग आहे.

एवढं करूनही कधीतरी चूक होईल. माझी झाली होती, जुलैमध्ये. डाव्या वळणात अंदाजापेक्षा जोरात शिरलो, समोर चढणारा ट्रक दिसला आणि बोटांनी आपोआप पुढचा ब्रेक आवळला. गाडी उभी राहिली आणि मधली पांढरी पट्टी ओलांडून ट्रकच्या तोंडाशी निघाली. ट्रकवाल्याने वेळीच थांबवलं म्हणून मी हे लिहितोय. नंतर समजलं की माझी नजर पूर्ण वेळ ट्रकच्या बंपरवर होती आणि गाडी नजर जाईल तिकडेच जाते. तेव्हा करायला हवं होतं ते असं: ब्रेकवरची पकड ढिली करायची, नजर ट्रकवरून काढून वळणाच्या पुढच्या टोकाकडे न्यायची, आणि आतल्या बाजूचं, म्हणजे डाव्या वळणात डावं, हँडल हळूहळू पुढे ढकलायचं. ढकललं की गाडी आणखी झुकते. कोरड्या रस्त्यावर बाईक आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ जास्त झुकू शकते, म्हणून बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं. ओल्या रस्त्यावर ती मुभा नसते. तिथे मागचा ब्रेक अलगद आणि अॅक्सिलरेटर बंद, एवढंच हातात असतं. समोर कोणी नसेल आणि जागा असेल तर दुसरा मार्ग असा की गाडी आधी सरळ उभी करायची, मग जोरात ब्रेक मारायचा आणि वेग उतरल्यावर पुन्हा आत टाकायची. ब्रेक आणि झुकाव एकाच वेळी जोरात नकोत, एवढं लक्षात ठेवलंत तर पुरे.

सुरुवातीला घाटात नको, एखाद्या रिकाम्या मैदानावर दोन विटा ठेवून सराव करा. ३० ने येऊन पहिल्या विटेशी ब्रेक धरायचा, दुसरीशी तो पूर्ण सुटलेला असला पाहिजे आणि तिथून वळायचं. पंधरा-वीस फेऱ्यांत बोटांना सवय लागते. मग घाटात जाल तेव्हा एखाद्या मित्राला तुमच्या मागे, थोडं अंतर राखून यायला सांगा. तुमचा ब्रेकचा दिवा कुठे लागतो आणि कुठे विझतो एवढंच त्याने बघायचं. वळणाआधी लागून वळणाच्या तोंडाशी विझला तर ठीक. मध्यात पुन्हा लागलेला दिसला, तर त्या वळणाला तुम्ही आणखी आधी ब्रेक मारायला हवा होता.